कुणालाही दिसलं असतं

सोमवार, रात्री

मीटिंग संपली, सगळे पांगले, आणि ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, रिपोर्टमध्ये काही चुकलं नाही ना?" आवाज इतका खाली की आधी मला ऐकूच आला नाही.

ती टीममध्ये नवीन आहे. लहान गावातून या मोठ्या शहरात आलेली, घरात पदवी घेणारी पहिली, ऑफिसात बसून काम करणारीही पहिलीच. मीही त्याच वाटेने आले आहे, त्यामुळे मला ते न सांगताच कळलं होतं. बैठकीत भिंतीकडेची खुर्ची निवडणं, सगळ्यांचं हसून झाल्यावर हसणं, मेल पाठवण्याआधी तो पुन्हा पुन्हा वाचणं. आपल्यासारखं माणूस ओळखू येतं.

रिपोर्ट चुकला तर नव्हताच, उलट गेल्या बऱ्याच काळात या विभागातून गेलेला तो सगळ्यात उपयोगी कागद होता. लिहून ठेवते, कारण तिने नेमकं काय केलं हे या सगळ्यात महत्त्वाचं आहे. दर महिन्याला आम्ही येणे रकमांचा एजिंग रिपोर्ट काढतो. कोणत्या ग्राहकाकडून किती पैसे यायचेत आणि ते किती दिवस थकलेत: 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, 61 ते 90 आणि 90 च्या पुढे. शेवटच्या रकान्यातला आकडा फुगत चालला होता आणि सगळे वसुलीवाल्यांकडे बोट दाखवत होते. हिने दोन याद्या शेजारी ठेवल्या. एकीत 90 दिवसांच्या पुढे थकलेले ग्राहक, दुसरीत ज्यांच्या खात्यात जमा रक्कम नुसती पडून आहे असे ग्राहक. दोन्हींत बरीच नावं तीच निघाली.

म्हणजे पैसे आलेले होते. ग्राहकाने चार-पाच बिलांचे पैसे एकदम भरले, कोणत्या बिलापोटी किती ते कळवलं नाही, आणि आमच्याकडे ती पावती 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, टाकून दिली गेली. बिल उघडंच राहिलं, दिवस मोजले जात राहिले, आणि ज्याने पैसे भरलेत त्यालाच वसुलीचे फोन जात राहिले. हे तिने शोधलं, ग्राहकवार यादी केली, आणि कोणत्या पावत्या कोणत्या बिलांना लागतात याचा अंदाजही जोडला.

मी तिला म्हटलं, "फार चांगलं काम केलंस." ती म्हणाली, "नाही मॅडम, ते कुणालाही दिसलं असतं. मी फक्त वेळ जास्त घातला."

हा रिपोर्ट ती येण्याआधी कितीतरी जणांच्या हातून गेला आहे. माझ्याही. कुणालाही दिसलं नव्हतं.


बुधवार

सोमवारचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आज जुनं वाचन पुन्हा काढलं.

पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये एका शोधनिबंधात या अनुभवाला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' हे नाव दिलं. शिक्षणात आणि कामात उत्तम यश मिळवलेल्या साधारण दीडशे स्त्रियांबरोबरच्या अनुभवावर तो आधारलेला होता. पदव्या, बढत्या, लोकांची दाद, सगळं असूनही या स्त्रियांना वाटत होतं की आपण हुशार नाही, आपण लोकांना फसवलंय आणि एक दिवस हे उघड होणार. पुढे पुरुषांमध्येही हे दिसलं. हा कुठला मानसिक आजार नाही, निदानाच्या अधिकृत यादीत तो नाही. पण त्याची एक ठराविक चाल आहे, आणि ती चाल मी सोमवारी समोर पाहिली.

काम हातात येतं तशी भीती सुरू होते. भीतीपोटी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतं: गरजेच्या कितीतरी पट तयारी, नाहीतर शेवटच्या घडीपर्यंत टाळाटाळ. मग काम पार पडतं, चांगलं होतं, क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. आणि इथेच गाडी अडते. ज्याने भरपूर तयारी केली ते म्हणतं, "एवढं राबले म्हणून जमलं, हुशार माणसाला एवढं राबावं लागत नाही." ज्याने टाळाटाळ केली ते म्हणतं, "नशीब बरं होतं." दोन्ही वाटांनी यश आत येतच नाही, दारातूनच परत जातं. पुढचं काम आलं की भीती पहिल्याइतकीच.

यामुळेच नुसतं कौतुक करून काही होत नाही. मी तिला सोमवारी कितीही चांगलं म्हटलं असतं तरी ते त्याच चाळणीतून गेलं असतं. उलट कौतुकाने भीती वाढते, कारण आता लोकांची अपेक्षा वाढली आणि पडायची उंचीही. हे मी स्वतः अनुभवलंय. पहिल्या बढतीच्या रात्री मला झोप लागली नव्हती, आणि ते आनंदाने नव्हतं.

त्या निबंधात एक साधा गृहपाठ आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. आपल्या कामाबद्दल कुणी चांगलं बोललं की ते लिहून ठेवायचं, आणि त्याच्या शेजारी आपण ते कसं परतवलं तेही लिहायचं. दुसरा भाग खरा. कौतुकाची वही कुणीही ठेवेल, पण परतवण्याच्या रीती कागदावर उतरल्या की दिसतं की त्या तीन-चारच आहेत आणि आपण त्याच फिरवून वापरतो. "वेळ जास्त घातला." "सोपं होतं." "टीमने मदत केली." "ते मनाने चांगले आहेत म्हणून म्हणाले."


शुक्रवार

आज संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर दोघी बसलो. तिला वहीचं सांगितलं, पण त्याआधी एक वेगळीच गोष्ट करायची होती. मी म्हटलं, "तुला इथे जे जे येत नाही असं वाटतं ते सगळं लिही. लाजू नकोस, हे कुणाला दाखवायचं नाहीये."

तिने बराच वेळ लिहिलं. मग आम्ही एकेका ओळीपुढे खूण करत गेलो: हे कामाचं ज्ञान आहे, की इथली रीत आहे?

कामाच्या ज्ञानाखाली अगदी थोडं आलं. पिव्होट टेबलमध्ये स्वतःचं सूत्र टाकता येत नाही, आणि परकीय चलनातल्या बिलांचा दरातला फरक कुठे दाखवायचा ते पक्कं नाही. दोन्ही गोष्टी शिकायला एखाद दुपार पुरेल.

बाकी सगळी पानभर रीत होती. साहेबांना नावाने हाक मारायची की सर म्हणायचं. मीटिंगमध्ये मध्येच बोलायचं असेल तर कसं शिरायचं. मेलमध्ये कुणाला सीसी ठेवायचं आणि कुणाला ठेवलं तर तो तक्रार समजेल. "आपण हे नंतर बोलू" याचा अर्थ नंतर बोलू असा आहे की विषय बंद असा. पगारवाढीचं आपण विचारायचं असतं की ते देतात. "काही प्रश्न?" असं कुणी म्हणतं तेव्हा खरंच प्रश्न विचारायचा असतो का.

ज्यांच्या घरात आई-वडील, काका-मामा अशाच ऑफिसांत गेलेत, त्यांच्या कानावर हे जेवताना-उठताना पडलेलं असतं. कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून आपल्याला येतं हेही त्यांना जाणवत नाही, आणि ते सहज वागतात. आपण पाहणारे मात्र ते सहज वागणं म्हणजेच हुशारी समजून बसतो. इथे घोळ होतो. माहिती नसण्याची कमतरता आपण बुद्धीच्या खात्यात टाकतो. 'ऑन अकाउंट' पावतीसारखंच ते: रक्कम खरी आहे, फक्त चुकीच्या जागी पडून आहे, आणि तिथे पडून राहिली की थकबाकी फुगत जाते.

भाषेचंही असंच. मीटिंग इंग्रजीत चालते. तिला उत्तर माहीत होतं, सोमवारी वसुलीप्रमुखांनी विचारलं, "हा फरक कशामुळे?" तेव्हा तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं, आणि तेवढ्यात शेजारच्याने तिच्याच स्लाइडवरचं वाचून चटपटीत उत्तर दिलं. सगळ्यांनी मान डोलावली. ती मला म्हणाली, "त्यांना किती छान समजलंय, मला तसं येत नाही." मी विचारलं, "त्याने जे सांगितलं ते कुणी शोधलं?" ती गप्प झाली.

बोलण्याचा वेग आणि समजण्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मीटिंगमध्ये पहिलीच दिसते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय तिला दिला: प्रत्येक स्लाइडखाली टिपणात एकच वाक्य आधी लिहून ठेवायचं, "याचं कारण असं की…" पासून सुरू होणारं. प्रश्न आला की तेच वाचायचं, सरळ वाचायचं. वाचून दाखवण्यात काही कमीपणा नाही.

एक मात्र मी तिला स्पष्ट सांगितलं. शेजारच्याने तिचं उत्तर उचललं ही तिच्या मनातली भीती नव्हती, ते खरंच घडलं. सगळंच आपल्या डोक्यात असतं असं मानायचं नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या वर्गांतले विद्यार्थी पाहिले होते. ज्यांना वर्ग चढाओढीचा वाटत होता त्यांच्यात 'आपण इथे बनावट आहोत' ही भावना रोजच्या रोज जास्त दिसली, आणि घरातून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलांमध्ये हा परिणाम अधिक तीव्र होता. म्हणजे खोलीतली हवाही ही भावना तयार करते. ती बदलणं एकट्या नव्या मुलीचं काम नाही, ते माझंही आहे, कारण मीटिंग मी चालवते. पुढच्या वेळी प्रश्न ज्याच्या कामावर असेल त्याचं नाव घेऊन मी त्यालाच विचारणार आणि उत्तर येईपर्यंत थांबणार.


रविवार

आज तिचा फोन आला. कामाबद्दल काहीच बोलायचं नव्हतं. "आई विचारते, तू नेमकं काय काम करतेस? मला सांगताच येत नाही." मग थोडं थांबून, "आणि मी इथे एसीत बसून आकडे बघते, ती अजून उन्हात काम करते."

याबद्दल फार कमी बोललं जातं. रेबेका कोवारुबियास आणि स्टेफनी फ्रायबर्ग यांनी 2015 मध्ये पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांमधल्या अपराधी भावनेवर लिहिलं: आपल्याला जे मिळालं ते घरच्यांना मिळालं नाही, याचं ओझं. ही भावना या मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसली. पण ज्यांना आपण घरच्यांना कधी मदत केली ते आठवायला लावलं, त्यांच्यातली ती कमी झाली. मी तिला विचारलं, "घरच्यांना तुझ्यामुळे काय सोपं झालं?" तिने सांगायला सुरुवात केली आणि बरंच निघालं. धाकट्या भावाचा प्रवेशअर्ज तिने भरला, आईची बँकेची कागदपत्रं तिनेच पूर्ण केली, घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो.

शेवटचं ऐकलं आणि मला एक गोष्ट नीट कळली, जी इतकी वर्षं अर्धवटच कळली होती. तिची भीती एवढी मोठी का आहे, याचं उत्तर तिच्या आत्मविश्वासात नाहीच. तिच्या बरोबरीच्या मुलाने चूक केली तर त्याला साहेब बोलतील. नोकरी गेली तर तो काही महिने घरी राहील, दुसरी शोधेल. हिची नोकरी गेली तर हप्ता चुकतो, भावाची फी अडते. एकाच चुकीची किंमत दोघांना वेगवेगळी आहे. मग हिने तोच रिपोर्ट तिप्पट तपासला तर तिला कमकुवत मनाची म्हणायचं? तिचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो ती क्षमतेच्या नावाने मांडते आहे.

या भागावर वही उपयोगाची नाही, मनाला समजावणंही नाही. इथे पैशाचीच गोष्ट करावी लागते. मी तिला म्हटलं, काही महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात, हात न लावता, हळूहळू साठव. घरी पाठवायची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, घरच्यांना कारण सांग. आई-वडिलांना हे समजतं, त्यांनी आयुष्यभर असंच साठवलेलं असतं. तिला ते पटलं, पण घरी सांगणं अवघड जाईल असं म्हणाली. जाईलच. मला दोन वर्षं धीर झाला नव्हता.

आणखी एक विचारून घेतलं, कारण ते विचारणं गरजेचं होतं: झोप लागते का, जेवण जातं का, सकाळी ऑफिसला निघताना छातीत धडधड होते का, हे रोजचं झालंय का. झोप येते म्हणाली, फक्त महिनाअखेरीला जड जातं. रोजचं झालं असतं तर मी तिला सरळ डॉक्टरकडे पाठवलं असतं. अशा वेळी त्याला इम्पोस्टर म्हणून नाव देऊन बसणं म्हणजे उपचाराला उशीर करणं.


पुढचा गुरुवार

महिनाअखेरीचं काम संपलं. या वेळी आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं की एजिंग रिपोर्टची तपासणी कुठे थांबवायची. बेरजा खातेवहीशी जुळल्या, 90 दिवसांपुढची सगळ्यात मोठी खाती एकेक करून पाहिली, जमा पडून असलेल्या रकमांची यादी जोडली, की बंद. त्यापुढे एकही फेरी नाही. अति तयारीतली अडचण ही आहे की तिच्याशिवाय काय झालं असतं हे माणसाला कधी कळतच नाही, आणि म्हणून प्रत्येक यश तयारीच्याच खात्यात जातं. एकदा कमी तयारीने काम करून पाहिल्याशिवाय यातून सुटका नाही. पण प्रयोग सुरक्षित जागी करायचा, म्हणून रिपोर्ट वर जाण्याआधी मी वाचणार होते. हे तिला माहीत होतं.

संध्याकाळी सहा वाजता तिने फाइल पाठवली. गेल्या महिन्यात याच वेळी ती तिसरी फेरी सुरू करत होती. मी वाचली. एका ग्राहकाच्या नावापुढे शाखा लिहायची राहिली होती, तेवढंच. आकडे सगळे बरोबर.

मीटिंगमध्ये वसुलीप्रमुखांनी विचारलं, तेव्हा मी तिचं नाव घेतलं आणि थांबले. तिने टिपणातलं वाक्य वाचलं. मग न वाचता आणखी एक सांगितलं: यातल्या तीन ग्राहकांशी बोलून पैसे भरताना बिल क्रमांक कळवायला सांगितलं तर हा आकडा पुढच्या महिन्यात आपोआप खाली येईल. ते म्हणाले, "तुम्हीच बोला त्यांच्याशी."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता काय लिहिणार वहीत?" ती म्हणाली, "ते म्हणाले तुम्हीच बोला. आणि मी मनात म्हटलं, दुसरं कुणी मोकळं नसेल म्हणून." परतवणं तिला स्वतःला दिसलं, म्हणून तिने ते सांगितलं. ते गेलेलं नाही, इतक्यात जाणारही नाही. क्लान्स यांची 1985 ची 20 विधानांची प्रश्नावली आहे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, एकूण 20 ते 100. साठच्या पुढे गेलं की ही भावना वारंवार येते, ऐंशीच्या पुढे फार तीव्र, असा तिचा अर्थ लावतात. मी दर वर्षी ती भरते. माझे गुण खाली आलेत, तळाला कधीच गेले नाहीत, आणि तरी माझं काम चाललंय. ती प्रश्नावली भावना किती आहे ते सांगते, कशामुळे आहे ते सांगत नाही. त्यासाठी शुक्रवारचा तो कागद लागतो.

त्या कागदावरून आम्ही आता नव्या माणसांसाठी एक पान करतोय. कामाची माहिती त्यात नाही, ती दुसरीकडे आहे. इथे फक्त रीती: साहेबांना नावाने हाक मारतात, वाईट वाटत नाही. "नंतर बोलू" म्हटल्यावर दोन दिवसांनी तुम्हीच आठवण करायची. पगारवाढीचं विचारायचं असतं, आणि ते वार्षिक बैठकीच्या आधी, बैठकीत नाही. सीसीच्या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते थेट वरिष्ठांना ठेवू नये, मी म्हणते पैशाचा विषय असेल तर ठेवावं. उद्या वसुलीवाल्यांना विचारू, त्यांना रोजचा अनुभव आहे.